ओएमआर उत्तरपत्रिका आणि उत्तरतालिका: आठवी शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेसाठी पायरीपायरीने

तालुक्यातल्या सगळ्या शाळा मिळून आठवीच्या शिष्यवृत्तीची सराव परीक्षा घ्यायची ठरली की बहुतेक ठिकाणी सगळी मेहनत प्रश्न काढण्यात जाते. उत्तरपत्रिका आदल्या आठवड्यात कुणाच्या तरी जुन्या फाईलवरून छापली जाते. उत्तरतालिका तर पेपर झाल्यावर, संध्याकाळी, चहा पीत तयार होते. मग निकालात घोळ झाला की दोष स्कॅनरला. मी हे काम काही वर्षं करतो आहे. स्कॅनर क्वचित चुकतो. चुकतं ते बहुतेक कागदावर आणि तालिकेत, आणि तेही पेपर व्हायच्या आधीच.

उदाहरण म्हणून पेपर एक घेऊ. प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, एकूण १५०. प्रश्नपत्रिकेचे चार संच: ए, बी, सी, डी. आठवीला एक जास्तीची अडचण आहे. २०% प्रश्नांना, म्हणजे १५ प्रश्नांना, चारपैकी दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात. परीक्षार्थी साधारण चार हजार धरू.

पहिली पायरी: कागदावर जागा आखणे

पान ए-फोर, एकाच बाजूला छपाई. पाठीमागे काही छापू नका, कारण जेल पेनची शाई पातळ कागदातून उतरते आणि मागच्या गोलात डाग दिसतो. कागद झेरॉक्सच्या कागदापेक्षा थोडा जाड घ्यावा, म्हणजे स्कॅनरच्या फीडरमध्ये दोन-दोन पानं चिकटून जात नाहीत.

आधी चार कोपऱ्यांत चार काळे भरीव चौकोन टाका, प्रत्येकी ६ मिमी, कागदाच्या कडेपासून किमान १२ मिमी आत. पान तिरकं गेलं, थोडं लहान-मोठं छापलं गेलं, तरी सॉफ्टवेअर या चौकोनांवरून पान सरळ करून घेतं आणि प्रत्येक गोलाची जागा तिथूनच मोजतं. अगदी कडेला टाकले तर कापताना एखादा अर्धा जातो. एक चौकोन मुद्दाम वेगळा ठेवा, उदाहरणार्थ खालचा उजवा अर्ध्याच उंचीचा. पान उलटं घातलं गेलं तर ते लगेच कळतं. नाहीतर ७५ व्या प्रश्नाच्या जागी पहिला प्रश्न वाचला जाऊ शकतो.

गोल ४.५ मिमी व्यासाचे ठेवा. आडवं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत ९ मिमी, उभं ६.५ मिमी. प्रश्न तीन उभ्या रांगांत लावा, प्रत्येक रांगेत २५. आठवीच्या पेपरला ही मांडणी छान बसते: पहिली रांग भाषेची, उरलेल्या दोन गणिताच्या. विषय जिथे बदलतो तिथेच रांग बदलते, त्यामुळे आधी गणित सोडवणारं पोरही चुकत नाही.

दर पाच प्रश्नांनंतर २ मिमी जास्तीची मोकळी जागा सोडा. मुलांची सगळ्यात महाग चूक म्हणजे एक प्रश्न सोडायचा आणि त्याची ओळ रिकामी ठेवायला विसरायचं. तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकतात. पाचाचे गट दिसले की हे सरकणं पुढच्या गटाच्या सुरुवातीला त्याच्या लक्षात येतं. मात्र सॉफ्टवेअरच्या टेम्प्लेटमध्ये अशा वेळी २५ ओळींचा एकच ठोकळा धरता येत नाही, पाच ओळींचा एकेक ठोकळा वेगळा आखावा लागतो. एकदाच करायचं काम आहे, आळस करू नका.

हिशोब असा: २५ ओळी आणि मधल्या चार फटी मिळून साधारण १७० मिमी उंची जाते. वर-खाली समास सोडून शीर्षक, सूचना आणि बैठक क्रमांकाच्या चौकटीला शंभरेक मिमी उरतात. पुरेसे आहेत. शाळेचा लोगो, प्रायोजकाचं नाव, सुविचार यांना त्यात जागा नाही, कितीही आग्रह झाला तरी.

दुसरी पायरी: रंग ठरवणे

मोठ्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका गुलाबी किंवा लालसर का असतात? लाल शाई लाल प्रकाशात दिसेनाशी होते. रंगीत स्कॅन करून त्याचा फक्त लाल चॅनल घेतला की गुलाबी गोल आणि त्यातले आकडे जवळजवळ पांढरे होतात, आणि निळ्या किंवा काळ्या पेनने भरलेली खूण तेवढी गडद उरते. मशीनचं काम फार सोपं होतं.

पण याला एक पोटदुखी आहे. कोपऱ्यातले चौकोन काळेच हवेत, म्हणजे छपाई दोन रंगांत, दोन प्लेटांवर. आमच्या पहिल्या वर्षी छापखान्यात दुसरी प्लेट जेमतेम मिलिमीटरभर सरकली होती. डोळ्याला काही कळत नव्हतं. २०० डीपीआयवर स्कॅन केलं की मिलिमीटरला आठ पिक्सेल होतात आणि आपला गोल ३५ पिक्सेलचा. चौकोनांवरून मोजलेली गोलाची जागा प्रत्यक्ष गोलापासून आठ पिक्सेल बाजूला पडली. गच्च भरलेल्या खुणाही अर्धवट वाटू लागल्या. त्यात अर्धे गठ्ठे बरोबर आणि अर्धे सरकलेले, कारण मध्येच मशीन थांबवून पुन्हा लावलं होतं. शेवटी गठ्ठे वेगळे काढून प्रत्येक प्रकाराला वेगळं टेम्प्लेट करावं लागलं.

म्हणून माझं मत असं: छापखाना भरवशाचा नसेल तर एकाच काळ्या रंगात छापा. गोलाची रेघ अगदी बारीक आणि फिकट राखाडी ठेवा, आतला आकडाही तसाच. मोजताना सॉफ्टवेअरला गोलाच्या आतला ८० टक्के व्यासाचा भागच बघायला सांगा, म्हणजे रेघ हिशोबात येत नाही. दोन रंग वापरायचेच असतील तर गठ्ठ्यागणिक सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं पान पट्टीने मोजूनच माल ताब्यात घ्या. आणि नमुना पानाची झेरॉक्स काढून पानं वाढवायची नाहीत. ‘पंधरा कमी पडली, मारल्या झेरॉक्स’ हे प्रत्येक केंद्रावर घडतं, तेव्हा दहा टक्के जादा पानं आधीच पाठवा.

तिसरी पायरी: बैठक क्रमांक आणि संच

उत्तराचा एक गोल चुकला तर दोन गुण जातात. बैठक क्रमांकाचा एक गोल चुकला तर अख्खा पेपर दुसऱ्याच्या नावावर जातो. म्हणून या चौकटीवर जास्त डोकं चालवायचं.

वर आकडा लिहायला पाच रिकामे चौकोन, प्रत्येकाखाली ० ते ९ असे दहा गोल. प्रवेशपत्रावर जे अंक छापलेत तेच अंक इथे छापा. प्रवेशपत्रावर मराठी अंक आणि उत्तरपत्रिकेवर इंग्रजी असं झालं की घाईत काही मुलं मराठी १ ला इंग्रजी 9 समजतात.

पाचपैकी चार आकडे खरा क्रमांक आणि पाचवा पडताळा अंक. तो असा काढायचा: चार आकड्यांना डावीकडून ५, ४, ३, २ ने गुणा, बेरीज करा, आणि बेरजेला ११ ने भाग जाण्यासाठी जितके मिळवावे लागतात तो पाचवा अंक. समजा क्रमांक २४१७ आहे. २×५=१०, ४×४=१६, १×३=३, ७×२=१४. बेरीज ४३. ४४ व्हायला १ हवा, म्हणून मुलाला दिलेला बैठक क्रमांक २४१७१. आता त्या मुलाने १ आणि ७ ची अदलाबदल करून २४७११ रंगवलं तर १०+१६+२१+२+१=५०. ५० ला ११ ने भाग जात नाही. पान लगेच संशयितांच्या यादीत. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे झाले, तर ही पद्धत ते पकडतेच. कधी कधी १० मिळवावे लागतात, ते एका गोलात बसत नाहीत. असे क्रमांक सरळ वगळा, अकरातला एखादाच जातो.

संचाचे चार गोल बैठक क्रमांकाच्या शेजारी, पण चांगली मोकळी जागा सोडून ठेवा. संच रंगवायचा राहिला तर काय, हे आधीच ठरवून ठेवा. कुणीतरी युक्ती सुचवतं: चारही तालिकांनी तपासा, जिथे सर्वांत जास्त गुण तो त्याचा संच. हुशार मुलाला हे लागू पडतं. एका तालिकेने पन्नासेक उत्तरं बरोबर येतील, बाकीच्या तिन्हींत पंधरा-वीस, म्हणजे अंदाजपंचे रंगवल्यावर येतील तितकीच. पण ज्याची खरी उत्तरंच बावीस बरोबर आहेत त्याचं काय? तिथे चारही आकडे जवळजवळ येतात आणि आपण त्याला नकळत सोयीचा संच देऊन बसतो. म्हणून संच ठरवायचा तो पर्यवेक्षकाच्या उपस्थितिपत्रकावरून. त्यावर प्रत्येक बैठक क्रमांकापुढे संच लिहायचा रकाना ठेवायचा आणि मुलाची सही त्या रकान्याला लागूनच घ्यायची. चारही तालिकांची तपासणी फक्त इशाऱ्यापुरती वापरा: मुलाने बी रंगवलाय पण सीने तिप्पट गुण येतात, अशी पानं बाजूला काढून हाताने बघा.

चौथी पायरी: खूण कधी धरायची

एका पानावर उत्तरांचे ३०० गोल. प्रत्येक गोल किती टक्के गडद आहे याचा आकडा सॉफ्टवेअर देतं. किती टक्क्यांवर खूण धरायची हा आकडा इंटरनेटवरून उचलू नका. आपल्या कागदावर, आपल्या छपाईवर, आपल्या पोरांकडून तो काढा. आठवीच्या एका वर्गात चाळीस पानं भरून घ्या आणि मुद्दाम काही सांगू नका. कुणी बरोबरची खूण करेल, कुणी टिंब देईल, कुणी गोलाबाहेर फासेल. हवंय ते हेच.

बारा हजार गोलांपैकी किती गोल किती टक्के गडद आहेत याचा आलेख काढला की दोन टेकड्या दिसतात. एक रिकाम्या गोलांची, एक भरलेल्यांची, आणि मध्ये दरी. दरीच्या डावीकडचं रिकामं, उजवीकडचं भरलेलं, आणि दरीत जे पडेल ते माणसाने पडद्यावर बघायचं. दरी अरुंद असेल किंवा नसेलच तर छपाई फार गडद आहे किंवा टेम्प्लेट सरकलंय. तेव्हा खूण धरायची मर्यादा वरखाली करत बसू नका, मागे जाऊन कारण दुरुस्त करा.

आठवीपुरता आणखी एक बदल लागतो. बरीचशी सॉफ्टवेअर एका प्रश्नाला दोन खुणा दिसल्या की ‘अवैध’ म्हणून टाकतात. आपल्याला तसं नको. मशीनने फक्त काय दिसलं ते लिहावं: ३ दिसलं तर ३, २ आणि ४ दिसले तर २४. चूक की बरोबर हे तालिका ठरवेल.

पाचवी पायरी: तालिका एकदाच लिहायची

आता सगळ्यात मोठ्या खड्ड्याकडे येऊ. चार संचांच्या चार तालिका हाताने टाईप करू नका. ३०० नोंदी झाल्या आणि त्यात दोन-तीन चुका होणारच. चार माणसांनी वाचून घेतलं तरी होतात, कारण वाचणारा चौथ्या पानानंतर झोपेत वाचत असतो.

मूळ तालिका एकच ठेवा, Master नावाच्या शीटमध्ये. प्रत्येक प्रश्नाला मूळ क्रमांक १ ते ७५, त्याच्यापुढे उत्तर. ए संचालाच मूळ समजू नका. पुढे ‘ए मध्ये बदल केला, बाकीच्यांत राहिला’ हे हमखास होतं. मग प्रत्येक संचासाठी एक शीट, म्हणजे त्या संचाचा जोडतक्ता. पहिल्या रकान्यात त्या संचातला क्रमांक, दुसऱ्यात मूळ क्रमांक, तिसऱ्यात सूत्राने आलेलं उत्तर, आणि चौथा रकाना रिकामा, फक्त त्या संचापुरती दुरुस्ती करायची वेळ आली तर.

```
=IF(D2<>"",D2,VLOOKUP(B2,Master!$A$2:$B$76,2,FALSE))
```

दुसऱ्या रकान्यात १ ते ७५ हे सगळे आकडे एकेकदाच आलेत का, ते या सूत्राने बघा. उत्तर ७५ यायला हवं. ७४ आलं तर एखादा प्रश्न दोनदा लिहिला गेलाय आणि दुसरा एखादा गळलाय.

```
=SUMPRODUCT(1/COUNTIF(B2:B76,B2:B76))
```

प्रश्नांचा क्रम बदलताना विषयाच्या आतच बदला. उताऱ्यावरचे प्रश्न एकत्र हलवा. पर्यायांचा क्रम मात्र बदलू नका. ‘वरीलपैकी सर्व’ पहिल्या क्रमांकावर येऊन बसतं, गणिताचे चढते आकडे विस्कटतात, आणि प्रत्येक प्रश्नाला आणखी एक जोडतक्ता सांभाळावा लागतो. सराव परीक्षेला एवढा उपद्व्याप झेपत नाही.

मूळ तालिकेतल्या उत्तराच्या रकान्याला आणि प्रत्येक संचाच्या चौथ्या रकान्याला काहीही टाईप करायच्या आधी ‘टेक्स्ट’ स्वरूप द्या; सूत्राच्या तिसऱ्या रकान्याला मात्र नको. नाहीतर 2/4 लिहिलं की एक्सेल त्याची २ एप्रिल करून टाकतं. खुणा दोन प्रकारच्या लागतात आणि त्यात गल्लत करू नका. 24 म्हणजे दोन्ही पर्याय रंगवायलाच हवेत. 2/4 म्हणजे दोन्हींपैकी कोणताही चालेल. पहिली खूण त्या १५ प्रश्नांसाठी. दुसरी, एकच उत्तर असलेल्या प्रश्नाला हरकत आली आणि दुसराही पर्याय बरोबर ठरला तर. प्रश्नच रद्द झाला तर तारांकन, सगळ्यांना दोन गुण.

सहावी पायरी: निकालाआधी तालिकेची परीक्षा

पेपरच्या आधी, छापून आलेल्या प्रत्येक संचातून तालिका न बघता एका गणिताच्या आणि एका भाषेच्या शिक्षकाने पेपर सोडवून उत्तरपत्रिका रंगवायची आणि ती स्कॅन करायची. १५० पैकी १५० यायला हवेत. न आल्यास कुठेतरी काहीतरी चुकलंय, आणि ते आज सापडलंय.

तरीही एखादी चूक निसटते. ती निकाल लावायच्या आधी पोरांच्या उत्तरांतूनच पकडता येते. सर्वांत जास्त गुण मिळवलेला एक चतुर्थांश गट घ्या आणि प्रत्येक प्रश्नाला त्या गटाने कोणता पर्याय जास्त निवडला ते बघा. तालिकेतल्या उत्तरापेक्षा दुसराच पर्याय पुढे असेल तर तो प्रश्न उघडा.

एक उदाहरण बघू. मूळ क्रमांक ४१: एका वस्तूची किंमत आधी २०% वाढवली, मग २०% कमी केली, तर मूळ किमतीत किती फरक पडला? पर्याय: १) फरक नाही, २) ४% वाढ, ३) ४% घट, ४) ८% घट. तालिकेत २ होतं. हुशार गटातल्या बहुतेकांनी ३ रंगवलं होतं. शंभराचे एकशेवीस, त्यातून चोवीस वजा, शहाण्णव. पोरं बरोबर, तालिका चूक. हा प्रश्न ए मध्ये ४१ वा, बी मध्ये ५३ वा, सी मध्ये ६६ वा आणि डी मध्ये २९ वा होता, आणि चारही संचांत तोच प्रकार दिसत होता. मूळ तालिकेत एकच अंक बदलला आणि चारही शीट आपोआप दुरुस्त झाल्या.

दुसऱ्या एका प्रश्नात असाच घोळ फक्त सी संचात दिसला, बाकी तीन ठीक. असं असेल तर मूळ तालिकेला हात लावायचा नाही. छापील सी संच उघडून बघा. तिथे अक्षरजुळणी करताना तिसरा आणि चौथा पर्याय आपापसांत बदलले होते. अशा वेळी सी शीटच्या चौथ्या रकान्यात नवं उत्तर लिहायचं. घोळ सगळ्या संचांत की एकातच, एवढं बघितलं की चूक तालिकेत आहे की छपाईत हे कळतं. एकाच संचाचे सलग वीस-पंचवीस प्रश्न बिघडलेले दिसले तर मात्र जोडतक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात कुठेतरी एक ओळ सरकली आहे.

यानंतर पहिली उत्तरतालिका शाळांना पाठवा आणि हरकतीसाठी दोन दिवस द्या. हरकतीच्या अर्जात शाळेचं नाव, संच, प्रश्न क्रमांक आणि पाठ्यपुस्तकाचं पान असे रकाने छापूनच द्या. पहिल्या वर्षी आम्ही नुसत्या हरकती मागवल्या होत्या. एका मुख्याध्यापकांचा फोन आला, ‘सर, चौतिसाव्याचं उत्तर चुकलंय तुमचं.’ कोणत्या संचाचा म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘संच? आमच्या पोरीच्या हातात होता तो.’